वडगावच्या बाजारात सगळंच गाभण

ऋतुराज चौगुले हा कोडोलीचा. घरी शेती, दोन म्हशी. शिकला कोल्हापुरात आणि नोकरीलाही कोल्हापुरातच लागला. राजारामपुरीत एका चपलांच्या दुकानाच्या वर उदयसिंह घोरपड्यांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. माणसं मोजकी. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पंचधारा दूध संघ. संघाच्या सभासदांची जनावरं, त्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर, त्यांची आजारपणं, रेतन, गाभण तपासणी, सगळं या कंपनीच्या सर्व्हरवर असायचं.

ऋतुराजचा हात जलद होता आणि ते त्याला माहीत होतं. त्याच्या शेजारी बसायची क्रांती कांबळे. अनुभवानं मोठी, कामानं चोख, आणि ऋतुराजच्या मते भयंकर हळू. चालू डेटाबेसमध्ये एखादी चूक दुरुस्त करायची झाली की क्रांती थेट अपडेट कधीच चालवत नसे. आधी त्याच अटीचं सिलेक्ट लिहायची. म्हणजे ज्या नोंदी बदलायच्या आहेत त्या आधी फक्त बघायच्या. किती आल्या, कुणाच्या आल्या हे वाचायची, कधीकधी ओठ हलवत वाचायची. मग त्याच अटीवर अपडेट. एक नोंद बदलायची असली तरी हेच. ऋतुराज सगळ्यांना सांगायचा की क्रांतीताई लग्नाला गेली तर अक्षता टाकायच्या आधी नवरानवरीचं आधारकार्ड बघेल. क्रांतीही हसायची आणि सिलेक्ट लिहायची.

त्या सकाळी संघाच्या पशुवैद्य डॉ. संयोगिता माने यांचा फोन आला. कोडोलीच्या पिराजी पाटलांची चंद्री नावाची म्हैस त्यांनी स्वतः तपासली होती, गाभण होती, पण नोंद करणाऱ्यानं चुकून 'रिकामी' असं घातलं होतं. गावच्या दूध संस्थेत गाभण जनावरांचा खुराक आला होता आणि नोंद दुरुस्त झाल्याशिवाय पिराजींना पोतं मिळत नव्हतं. पिराजी संस्थेच्या दारात बसून होते. डॉक्टर वडगावच्या जनावरांच्या बाजारात संघाच्या शिबिराला निघाल्या होत्या, त्यांना वेळ नव्हता. त्यांनी बिल्ल्याचा नंबर सांगितला आणि फोन ठेवला.

क्रांती खाली चहा सांगायला गेली होती. ऋतुराजनं तीन ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत अपडेट, जनावरांचा तक्ता. दुसऱ्या ओळीत, स्थिती बदलून 'गाभण' कर. तिसऱ्या ओळीत व्हेअर, म्हणजे अट: बिल्ला नंबर अमुक असेल तरच. लिहिलेलं अगदी बरोबर होतं. त्याच खिडकीत वर आदल्या दिवशीचं बरंच काही लिहिलेलं होतं, म्हणून आपल्याला हवं तेवढंच चालावं यासाठी त्यानं माऊसनं ओळी निवडल्या आणि चालवायचं बटण दाबलं.

निवडताना माऊस दोनच ओळींवरून फिरला होता. तिसरी ओळ, अटीची, तशीच खाली राहिली.

निवडलेलं असलं की तेवढंच चालतं. आणि 'गाभण कर' एवढंच सांगितलं, कुणाला ते सांगितलं नाही, तर डेटाबेस विचारत बसत नाही. तो सगळ्यांना करतो.

एरवी अशा वेळी खाली लगेच 'एक नोंद बदलली' असं यायचं. आज गोल चक्र फिरत राहिलं. ऋतुराजला वाटलं नेट हळू आहे. मग आकडा आला: एकेचाळीस हजार सहाशे बारा नोंदी बदलल्या.

तो त्या आकड्याकडे बघत बसला. त्याला पहिल्यांदा असं वाटलं की हा आकडा दुसऱ्याच कशाचा तरी असणार. मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. ती तिथं पांढऱ्यावर काळी, निवडली न गेलेली, उभी होती. त्यानं मागं घ्यायची आज्ञा देऊन बघितली, पण बदल लगेच कायम व्हावा अशी सोय त्यानंच महिन्यापूर्वी चालू ठेवली होती, दरवेळी कमिट लिहायला नको म्हणून. मागं घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

क्रांती चहा घेऊन वर आली तेव्हा तो खुर्चीत ताठ बसला होता.

"ताई," तो म्हणाला, "सगळी गाभण झाली."

क्रांतीनं कप खाली ठेवला, पडदा बघितला आणि आपल्या जागेवर जाऊन धडाधड टंकायला लागली. तिला आधी आठवलं ते त्याला आठवलंच नव्हतं. जनावराची स्थिती 'गाभण' अशी लिहिली गेली की मालकाला आपोआप संदेश जायचा. दिवाळीत संघानं मोठा कार्यक्रम करून ही सोय सुरू केली होती. 'अभिनंदन! आपले जनावर अमुक गाभण असल्याची नोंद झाली आहे. गाभण खुराकासाठी आपल्या संस्थेशी संपर्क साधा.' क्रांतीनं संदेश पाठवणारा प्रोग्रॅम बंद केला. तोवर निम्म्याहून जास्त संदेश गेले होते.

नोंदीत फक्त म्हशी असत्या तरी एक वेळ निभावलं असतं. तिथं गाई होत्या, बैल होते, आठवड्याची वासरं होती आणि संघाच्या केंद्रातले वळू होते.

पहिला फोन उदयसिंहांच्या मोबाईलवर आला. उदयसिंह म्हणजे उंच, जाडजूड माणूस, पण फोनवर ते हळूहळू लहान होत गेले. पलीकडं संघाचे अध्यक्ष विजयसिंह आबा होते. आबांकडे पैलवान नावाचा रेडा होता. जिल्ह्यातल्या बहुतेक प्रदर्शनांत पहिला आलेला, रोज तेल लावून चमकवलेला, आबांच्या दिवाणखान्यात ज्याचा भिंतभर फोटो होता तो. आबा त्या वेळी प्रदर्शनाच्या बैठकीत बसले होते. संदेश आला तेव्हा चष्मा नव्हता म्हणून त्यांनी फोन शेजारच्याला वाचायला दिला. शेजारचा विरोधी पॅनेलचा होता. त्यानं तो उभं राहून वाचला.

उदयसिंहांनी फोन ठेवला आणि बाहेर येऊन विचारलं की हे कुणी केलं. ऋतुराजनं हात वर केला, शाळेत करतात तसा.

उदयसिंह म्हणाले, बरं, मग उलटं चालवा, सगळ्यांना परत रिकामी करा. ऋतुराजचा हात लगेच कीबोर्डकडे गेला. क्रांतीनं त्याचं मनगट धरलं.

"दादा, आता कुणी काही चालवायचं नाही," ती उदयसिंहांना म्हणाली. "सगळी रिकामी केली तर खरंच गाभण असलेल्या म्हशी पण रिकाम्या होतील. कोण काय होतं हे आता या तक्त्यात उरलेलंच नाही."

मग तिनं शांतपणे सांगितलं. पहाटे रोज बॅकअप घेतला जातो, आजचाही घेतलेला आहे. पण तो चालू डेटाबेसवर ओतायचा नाही, नाहीतर सकाळपासूनच्या दुधाच्या नोंदी पुसल्या जातील. तो बाजूला, वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडायचा, आणि तिथून फक्त जनावरांची स्थिती परत आणायची. बॅकअप उघडायला वेळ लागेल. तोवर थांबायचं.

थांबणं कुणाला जमत नव्हतं, कारण सगळे फोन वाजत होते. कबनूरच्या एका यंत्रमागवाल्यानं विचारलं की त्यानं दोन वर्षांपूर्वी विकलेली गाय गाभण असेल तर वासरू कुणाचं. एका माणसाचा नांगराचा बैल गाभण होता आणि त्याला फक्त एवढंच हवं होतं की याला जुंपलं तर चालेल का. आणि मग डॉ. संयोगितांचा फोन आला. त्या वडगावच्या बाजारातून बोलत होत्या आणि त्यांच्या मागं एवढा गलका होता की उदयसिंहांनी फोन कानापासून दूर धरला. बाजार अडला होता. गाभण जनावर कोण विकतं? आणि विकलंच तर जुन्या भावानं कोण विकतं? डॉक्टर म्हणाल्या, ज्यानं हे केलंय त्याला आत्ताच्या आत्ता इकडं पाठवा. मी एकटी काय सांगू?

उदयसिंहांनी ऋतुराजकडे बघितलं. बॅकअप उघडेपर्यंत त्याचा इथं तसाही उपयोग नव्हता.

ऋतुराज मोटारसायकलवरून वडगावला पोचला तेव्हा बाजारात असं दृश्य होतं. हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, कडेला उकिडवे बसून तंबाखू मळत होते. एरवी खांद्यावरच्या टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, आज टॉवेल खांद्यावरच होते. आणि जनावरांचे मालक हातात मोबाईल घेऊन एकमेकांना संदेश दाखवत होते. एकानं तर संदेश बैलाच्या शिंगाला मोबाईलसकट बांधला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. तो थट्टेनं की खरोखर हे ऋतुराजला कळलं नाही आणि विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

गर्दीच्या मधोमध त्याला आत्ती दिसली.

आक्काताई ही त्याच्या वडिलांची बहीण, घुणकीला दिलेली. तिची भाकड म्हैस विकायची ठरली होती हे ऋतुराजला ठाऊक होतं. म्हशीचं नाव मैना. दूध बंद, दोनदा रेतन फुकट गेलेलं. कबनूरचा जयसिंग नावाचा एक हेडी ती घेणार होता, व्यवहार जवळजवळ झाला होता, आणि तेवढ्यात आत्तीच्या फोनवर संदेश आला होता. तेव्हापासून आत्ती मैनेच्या गळ्यात हात टाकून उभी होती आणि जो येईल त्याला सांगत होती की हे सगळं माझ्या भाच्याच्या कंपनीतनं कळतं, तिथं खोटं चालत न्हाय.

तिनं ऋतुराजला बघितलं आणि लांबूनच हाक मारली. "ह्यो बघा, ह्योच माझा भाचा."

पन्नासेक माणसं वळली. ऋतुराजला त्या क्षणी म्हशीच्या मागं लपावंसं वाटलं, पण डॉक्टरांनी त्याचा दंड धरून त्याला संघाच्या टेम्पोवर चढवलं आणि हातात माईक दिला.

तो बोलला ते असं. मंडळी, चूक माझी आहे. एका म्हशीची नोंद बदलायची होती, पण कुठली ते सांगायचं राहिलं, त्यामुळं सगळ्याच जनावरांवर गाभण असं पडलं. आलेला संदेश धरू नका. ज्याचं जनावर तपासून गाभण ठरलं होतं तेवढंच गाभण.

मग मागून एकजण म्हणाला की ह्याला संघानं पाठवलाय. पोती वाचवायला. दुसरा म्हणाला, तरीच, संदेश लेखी आलाय आणि नकार तोंडी देत्यात. पटकन सगळ्यांना ते पटलं. कुणालाच आपलं जनावर रिकामं नको होतं, आणि टेम्पोवर उभा असलेला हा पोरगा ते रिकामं करायला आला होता. फक्त बैलवाल्यानं विश्वास ठेवला. तो पुढं येऊन म्हणाला, "पावणं, मला पटलंय. मला सकाळपास्नंच शंका हाय."

आत्तीला तर पटण्याचा प्रश्नच नव्हता. ऋतुराज खाली उतरून तिच्याजवळ गेला आणि पुन्हा हळू आवाजात सगळं सांगितलं.

"तू केलंस न्हवं?" आत्ती म्हणाली.

"व्हय आत्ती, चुकून."

"चुकून का हुईना, तू केलंस तर बरोबरच असणार. तू दहावीला बोर्डात आलतास."

"आत्ती, मी म्हशीला हातबी लावला न्हाय."

"हात लावायला डॉक्टरीणबाई हायत की," आत्ती म्हणाली आणि तिथंच सगळ्या बाजाराचा निर्णय झाला. तपासा. ज्याचं त्याचं जनावर आत्ताच तपासा, म्हणजे संगणक खरा का भाचा खरा ते कळंल.

डॉ. संयोगितांनी ऋतुराजकडे असं बघितलं की त्याला उन्हातही थंडी वाजली. मग त्यांनी खांद्यापर्यंतचा लांब हातमोजा चढवला. शिबिरात गाभण तपासणी होतीच, पण एरवी पाच-दहा जनावरं यायची. आज रांग बाजाराच्या फाटकापर्यंत गेली. तपासताना जनावराची शेपूट कुणीतरी बाजूला धरावी लागते. कुणी धरायची यावर चर्चा झाली नाही.

पुढचे दोन-अडीच तास ऋतुराजनं शेपट्या धरल्या. काही म्हशी शांत होत्या. काहींना ते अजिबात पसंत नव्हतं आणि त्यांनी ते आपल्या परीनं, ऋतुराजच्या अंगावर, व्यक्त केलं. डॉक्टर 'रिकामी' म्हणाल्या की मालक डॉक्टरांवर न चिडता ऋतुराजवर चिडायचा. 'गाभण' म्हणाल्या की तो डॉक्टरांना नमस्कार करायचा. एका रेडकाच्या मालकानंही रांग लावली होती. डॉक्टरांनी त्याला नुसतं बघून बाहेर काढलं. तो जाताना म्हणाला की न तपासताच कसं सांगता.

मैनेची पाळी आली. आत्ती तिच्या डोक्याशी उभी राहिली आणि तिच्या कपाळावरून हात फिरवायला लागली. डॉक्टरांनी वेळ घेतला. ऋतुराज शेपूट धरून मनात म्हणत होता की एवढी एक निघू दे. पण म्हशी त्याच्या मनावर चालत नव्हत्या.

"रिकामी आहे, आक्काताई," डॉक्टर म्हणाल्या.

जयसिंग हेडी तिथंच उभा होता. तो सरळ माणूस होता. तो म्हणाला की सकाळचा आपला भाव कायम, मला गाभण नको होती, मी भाकडच घ्यायला आलो होतो. त्यानं टॉवेल पुढं केला. आत्तीनं टॉवेलाकडं बघितलं, मैनेकडं बघितलं आणि दावं आपल्या मनगटाला गुंडाळलं.

"न्हाय विकत," ती म्हणाली. "सकाळधरनं तिला लेकीगत बघितलीया. चार बायकांनी तिला हळदकुंकू लावलंय. आता काय तोंडानं दिऊ?"

जयसिंगनं टॉवेल खांद्यावर टाकला आणि ऋतुराजला विचारलं की तुमच्याकडं असा संदेश पुन्हा कधी निघणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, मी बाजाराला येणार नाही.

तपासणी झाल्यावर मात्र बाजार सैल झाला. डॉक्टरांचा हात सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला होता. टॉवेलाखाली बोटं पुन्हा हलायला लागली.

ऋतुराज ऑफिसात परतला तेव्हा खालच्या चपलांच्या दुकानदारानं नाक धरून त्याला जिना दाखवला. वर बॅकअप बाजूला उघडून तयार होता. क्रांतीनं रस्त्याकडची खिडकी उघडली, खुर्ची जरा लांब सरकवली आणि म्हणाली, "लिही. तूच लिही."

त्याला वाटलं होतं ती स्वतः करेल. त्यानं लिहायला घेतलं. या वेळी त्यानं अपडेट हा शब्दच लिहिला नाही. सिलेक्ट लिहिलं. इकडचं आजचं जनावर, तिकडचं बॅकअपमधलं जनावर, दोघांची जोडी लाव, आणि दाखव की आत्ताची स्थिती काय, पहाटेची काय. चालवलं.

नोंदी यायला लागल्या. येतच राहिल्या. एकेचाळीस हजार यायला हव्या होत्या, त्या काही लाखांच्या पुढं गेल्या. त्यानं थांबवलं. यादी वाचली. चंद्री, चंद्री, चंद्री. कोडोलीची चंद्री चंदगडच्या चंद्रीशी जुळली होती, ती घुणकीच्या चंद्रीशी, आणि तीच परत पन्हाळ्याच्या चंद्रीशी. खाली मैना, राणी, लक्ष्मी यांचं तेच. घाईत त्यानं जोडी बिल्ला नंबरावर न लावता नावावर लावली होती. आणि या जिल्ह्यात म्हशीला नाव ठेवताना कुणी फार डोकं चालवत नाही.

हे सिलेक्ट होतं म्हणून काही बिघडलं नव्हतं. अपडेट असतं तर एका चंद्रीची स्थिती दुसऱ्या कुठल्याही चंद्रीवर जाऊन बसली असती, आणि आकडा मात्र बरोबर एकेचाळीस हजार दिसला असता. कुणाला कळलंही नसतं.

क्रांतीनं ते वाचलं होतं, ओठ हलवत. तिनं खुर्ची थोडी जवळ सरकवली, वास असूनही.

त्यानं जोडी बिल्ला नंबरावर लावली. आता नोंदी जवळजवळ तेवढ्याच आल्या, फक्त काही कमी. कमी का, म्हणून बघितलं तर ती आज सकाळी नव्यानं नोंदलेली जनावरं होती, बॅकअपमध्ये नसलेली. शिवाय पहाटेनंतर संघाच्या डॉक्टरांनी वडगावात आणि गावोगावी जी तपासणी नोंदवली होती तीही बॅकअपमध्ये नव्हती. ती त्यांच्या मोबाईल ॲपच्या नोंदींमधून काढून त्यानं आपल्या अटीतून वगळली, आणि ती वेगळी, एकेक बघून भरायची असं ठरलं. पुन्हा सिलेक्ट. क्रांतीनं मधलीच पाच-सहा जनावरं निवडून जुन्या नोंदींशी ताडून बघितली. पैलवान 'रेडा, लागू नाही' असा परत येत होता. मैना रिकामी येत होती.

मग त्यानं व्यवहार सुरू केला, म्हणजे कमिट म्हणेपर्यंत काही कायम होणार नाही अशी सोय आधी केली. त्याच अटीवर अपडेट. या वेळी निवडायला माऊस वापरलाच नाही. नव्या कोऱ्या खिडकीत तेवढंच लिहिलं, म्हणजे काही खाली राहायला नको. किती नोंदी बदलल्या तो आकडा आला, तो सिलेक्टच्या आकड्याशी जुळला. क्रांतीनं मान हलवली. त्यानं कमिट लिहिलं आणि बटण दाबायच्या आधी दोन्ही हात पँटला पुसले, ज्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण पँट हातांपेक्षा वाईट होती.

पिराजी पाटलांची चंद्री अर्थातच या सगळ्यात पुन्हा रिकामी झाली होती. ती त्यानं वेगळी केली. आधी सिलेक्ट, एक नोंद, कोडोली, पिराजी, चंद्री. मग अपडेट, एक नोंद. पिराजी संस्थेच्या दारातून अजून उठले नव्हते, त्यांना पोतं मिळालं.

उदयसिंहांना वाटलं संपलं. पण दुरुस्तीचा संदेश राहिला होता, आणि तो तर आणखी नाजूक. खरंच गाभण असलेल्यांना 'नाही' म्हणून जायला नको. ज्यांना पहिला संदेश पोचलाच नाही त्यांना दुसरा जायला नको, नाहीतर ते विचारतील की कशाबद्दल बोलताय. त्याचंही आधी सिलेक्ट झालं, आणि उदयसिंह दोघांच्या मागं उभं राहून यादी बघू लागले. तेवढ्यात त्यांना कुणीतरी फोनवर एक फोटो पाठवला. विरोधी पॅनेलनं आबांच्या गावच्या चौकात फ्लेक्स लावला होता. पैलवानाचा प्रदर्शनातला फोटो, गळ्यात हार, आणि खाली 'पैलवान यांच्या डोहाळजेवणाचे आग्रहाचे निमंत्रण'. कोल्हापुरात फ्लेक्सला सर्व्हरपेक्षा कमी वेळ लागतो.

उदयसिंहांनी तो फोटो बराच वेळ बघितला. ते गंभीर राहायचा प्रयत्न करत होते, पण त्यांचे खांदे हलायला लागले. मग क्रांती हसली. ऋतुराज सगळ्यात शेवटी हसला, आणि हसताना त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून त्यानं काही खाल्लेलं नाही. आबांना फोन मात्र त्यालाच करावा लागला. त्यानं अदबीनं सांगितलं की साहेब, पैलवान गाभण नाही. आबा म्हणाले, "ते मला माहीत हाय रे. चौकाला सांग."

यादी वाचता वाचता क्रांतीचं बोट एका ओळीवर थांबलं. जोतीराम गावडे, चंदगडकडचा. म्हैस कावेरी. स्थिती: मृत. गेल्या पावसाळ्यात वीज पडून गेलेली. म्हणजे मेलेल्या म्हशीचं अभिनंदन झालं होतं, आणि आता ती गाभण नसल्याचाही संदेश जाणार होता. अशी जनावरं आणखीही निघाली. त्या ओळी अटीतून काढल्या आणि यादीतल्या त्या मालकांना फोन करायचं ठरलं. ते कुणी करायचं हेही बोलावं लागलं नाही.

ऋतुराजनं पहिला फोन जोतीरामांना लावला. त्यानं नाव सांगितलं, संघाकडून बोलतोय म्हणाला, आणि माफी मागायला लागला. पलीकडून जोतीराम शांतपणे ऐकत होते. त्यांचा आवाज म्हातारा होता आणि बोलण्यात कानडी हेल होता. ते म्हणाले की त्यांना कळलं होतं, चुकीनंच आलं असणार. मेलेली म्हैस कुठली गाभण राहते.

"पण एक सांगू का," ते म्हणाले. "बायकोनं ते वाचलं आणि गोठ्यात बघून आली. तिला ठावं हाय न्हाय म्हणून. तरी बघून आली."

ऋतुराजनं विचारलं की मग काय म्हणाल्या.

"काय म्हणती. गोठा झाडला तिनं सगळा. लई दिवस झाडला नव्हता. आता म्हणती, झाडलाय तर दुसरी आणू या." मग त्यांनी विचारलं की वडगावच्या बाजारात सध्या भाव काय चाललाय.

भाव ऋतुराजला चांगलाच माहीत होता. त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि सांगायला बसला.